दवाखान्याचा डेटा मागवताना सॉफ्टवेअर कंपनीला पत्र कसं लिहावं: रकाने, तारखा आणि एन्कोडिंग

दवाखान्याचं जुनं सॉफ्टवेअर सोडून नवं घ्यायचं ठरलं, तेव्हा मी जुन्या कंपनीला एका ओळीचं पत्र पाठवलं होतं: "कृपया आमच्या सर्व पेशंटचा डेटा एक्सेलमध्ये द्यावा." चार दिवसांत फाइल आली. उघडून पाहिली तर नावं होती, तारखा होत्या, मोबाइल नंबर होते. एक्सेलमध्येच सेव्ह करून ती नव्या कंपनीकडे पाठवली. नव्या सॉफ्टवेअरनं काही ओळी नाकारल्या, कारण त्यांतल्या फेरतपासणीच्या तारखा त्याला वाचता येत नव्हत्या. आम्ही बसून त्या हातानं नीट केल्या आणि काम संपलं असं धरून चाललो.

पुढच्या महिन्यात, ४ मार्चला, मधुमेहाच्या एक आजी ठरल्याप्रमाणे आल्या. त्यांच्या कार्डावर डॉक्टरांनी पेनानं ४ मार्च लिहिलं होतं. आमच्या यादीत त्यांचं नाव ३ एप्रिलला होतं. आजी कार्ड जपून ठेवणाऱ्या होत्या म्हणून आल्या. जे पेशंट आमच्या फोनची वाट बघत राहिले, ते त्या महिन्यात आलेच नाहीत.

झालं होतं असं. जुन्या सॉफ्टवेअरनं तारीख महिना आधी लिहून काढली होती, म्हणजे ४ मार्चचं `03/04/2024`. आमचं एक्सेल दिवस आधी वाचणारं, त्यामुळे त्यानं ते ३ एप्रिल समजून घेतलं. २५ मार्चचं `03/25/2024` त्याला वाचताच येईना, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणून तो मजकूर तसाच राहिला आणि पुढे नव्या सॉफ्टवेअरनं तो नाकारला. म्हणजे नाकारलेल्या ओळींनी आमचं काहीच बिघडवलं नव्हतं. मुकाट्यानं आत गेलेल्या ओळींनी घात केला. प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखा अशा उलटू शकतात. १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा उलटूनही सारख्या राहणाऱ्या १२ तारखा वगळल्या, तरी वर्षातले १३२ दिवस उरतात जिथे चूक होते आणि कुणी ओरडत नाही.

चूक कंपनीची एकटीची नव्हती. आम्ही काही सांगितलंच नव्हतं, तर त्यांच्या प्रोग्रॅमरनं त्याला सोयीचं ते केलं. दुसऱ्यांदा मी दोन पानांचं पत्र लिहिलं आणि त्या पत्राबरहुकूम, नमुना तपासून झाल्यावर आलेली पूर्ण फाइल पहिल्याच फेरीत चालली. ते पत्र कसं तयार केलं, ते पायरीपायरीनं इथे देत आहे. तुम्हाला प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. आपल्या दवाखान्यात कोणती नोंद कशी होते हे माहीत असलं की पुरे, आणि ते कंपनीपेक्षा तुम्हालाच जास्त माहीत असतं.

पायरी १: एक ओळ म्हणजे काय, ते ठरवा

पत्र लिहायला बसण्याआधी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पाच पेशंट उघडा. साधे पाच नकोत. एक खूप जुना, एक कालच आलेला, एक ज्याची जन्मतारीख माहीत नाही असा, एक ज्याच्या भेटी वीसच्या वर आहेत असा आणि एक ज्याचं नाव टाइप करायला अवघड असा. त्यांच्या पडद्यावर जे जे दिसतं ते कागदावर उतरवून घ्या. हाच कागद पुढे फाइल तपासायलाही लागणार आहे, म्हणून टाकून देऊ नका.

मग ठरवा की फाइलमधली एक ओळ कशाची. आम्हाला पहिल्यांदा मिळालेल्या फाइलमध्ये एका पेशंटची एकच ओळ होती आणि त्याच्या भेटी आडव्या पसरलेल्या होत्या: भेट १, भेट २, भेट ३, असं दहापर्यंत. अकरावी भेट कुठेच नव्हती. म्हणून दोन फाइली मागा. एका फाइलमध्ये एका पेशंटची एक ओळ, दुसरीत एका भेटीची एक ओळ. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे पेशंट क्रमांक. तो दोन्ही फाइलींत अगदी सारखा हवा. एकीत `000457` आणि दुसरीत `457` असेल, तर माणसाला ते एकच वाटतं, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन माणसं असतात.

पायरी २: रकान्यांची यादी

प्रत्येक रकान्याबद्दल चार गोष्टी लिहा: नाव, त्यात काय असेल, तो रिकामा चालेल का, आणि एक उदाहरण. रकान्याचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेवा, जसं `follow_up_date`. डेटा मराठीत असला तरी रकान्याची नावं अशी ठेवली की दोन्हीकडच्या प्रोग्रॅमरना सोपं जातं.

सगळे रकाने इथे सांगत बसत नाही; ते तुमच्या कागदावर आहेतच. ज्या रकान्यांत आमचा पाय घसरला तेवढे सांगते.

सगळ्यात फसवा रकाना वयाचा. "वय ६२" हे एकटं वाचून काही कळत नाही, कारण ते कधीचं? २०१५ साली नोंदवलेलं ६२ आणि कालचं ६२ यांत कित्येक वर्षांचं अंतर आहे, आणि औषधाचा डोस ठरवताना ते अंतर मोजावं लागतं. म्हणून वय मागायचंच असेल तर ते नोंदवल्याची तारीखही मागा. जन्मतारीख माहीत असेल तिथे जन्मतारीख, नसेल तिथे तो रकाना रिकामा आणि शेजारी वय व त्याची तारीख. काही सॉफ्टवेअर जन्मतारीख नसली तर वयावरून हिशेब करून १ जानेवारी अशी तारीख आपणच भरतात. असं झालंय का हे ओळखायला सोपी युक्ती आहे: जन्मतारखांत १ जानेवारी किती जणांची आहे ते मोजा. बाकी कुठल्याही दिवसापेक्षा ती कित्येक पटींनी जास्त निघाली, तर त्यांतल्या बऱ्याच तारखा बनावट आहेत. पत्रात स्पष्ट लिहा की अंदाजानं भरलेली तारीख नको, रिकामा रकाना चालेल.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. साखर तपासली नाही आणि साखर शून्य आली, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य साखरेचा माणूस तपासायला येऊच शकत नाही. तरीही आमच्या पहिल्या फाइलमध्ये न तपासलेल्या सगळ्या पेशंटच्या साखरेपुढे `0` होता आणि नव्या सॉफ्टवेअरनं तो सरासरीत धरला. "माहिती नसल्यास रकाना पूर्ण रिकामा ठेवावा, `0`, `NA`, `NULL` किंवा डॅश लिहू नये," हे वाक्य पत्रात जसंच्या तसं घाला.

तिसरी, एका रकान्यात एकच आकडा. रक्तदाब आपण बोलताना १३८/८६ म्हणतो, पण फाइलमध्ये वरचा आणि खालचा वेगळा मागा. आकड्यासोबत एकक लिहिलेलं नको, एकक रकान्याच्या नावात असू द्या. साखर मोजायची दोन एककं जगात चालतात, `mg/dL` आणि `mmol/L`, आणि एकातला आकडा दुसऱ्याच्या साधारण १८ पट असतो. रकान्याचं नावच `fasting_sugar_mgdl` ठेवलं की पाच वर्षांनी फाइल उघडणाऱ्यालाही शंका राहत नाही.

पेशंट क्रमांक आणि मोबाइल नंबर हे आकडे दिसत असले तरी त्यांची बेरीज कुणी करत नाही. ते मजकूर म्हणून मागा. आकडा म्हणून गेले की पुढची शून्यं गळतात, आणि लांब नंबर एक्सेलमध्ये `9.2E+11` सारखा दिसायला लागतो. त्या अवस्थेत फाइल सेव्ह केली की मूळ नंबर परत मिळत नाही.

पायरी ३: तारीख

तारखेसाठी एकच रूप मागा: `YYYY-MM-DD`. आधी चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस, मध्ये डॅश. ४ मार्च २०२४ म्हणजे `2024-03-04`. हे आंतरराष्ट्रीय मानक ISO 8601 मधलं रूप आहे आणि कुठल्याही प्रोग्रॅमरला ते एका शब्दात कळतं. वर्ष आधी आलं की पुढचा आकडा महिनाच आहे याबद्दल वाद उरत नाही. शिवाय मजकूर म्हणून चढत्या क्रमानं लावलं तरी तारखा आपोआप काळाच्या क्रमानं लागतात.

तेवढ्यावर थांबू नका. आणखी तीन गोष्टी पत्रात याव्यात.

वर्ष चार अंकी हवं, हे वेगळं लिहा. `19-07-28` अशी जन्मतारीख आली तर ती १९२८ ची की २०२८ ची? एक्सेल नेहमीच्या सेटिंगला ०० ते २९ हे २००० नंतरचं आणि ३० ते ९९ हे १९०० नंतरचं वर्ष धरतं. म्हणजे १९२८ साली जन्मलेल्या आजोबांचा जन्म अजून व्हायचाच आहे असं फाइल सांगते. आमच्याकडे दवाखान्यात ज्यांची जास्त काळजी घ्यावी लागते ते नेमके याच वयाचे.

नुसत्या तारखेच्या रकान्यात वेळ नको. सॉफ्टवेअर आत तारीख आणि वेळ मिळून साठवतं, आणि पुष्कळदा ती वेळ ग्रिनिचच्या हिशेबाची असते. जन्मतारीख मध्यरात्रीच्या ठोक्याला साठवलेली असली की ग्रिनिचच्या पूर्वेकडच्या प्रदेशात ती काढताना आदल्या संध्याकाळची होते, आणि तारीख एक दिवस मागे सरकते. तुमच्या कागदावरच्या पाचही पेशंटच्या जन्मतारखा फाइलमध्ये बरोबर एक दिवस मागे दिसल्या, तर कंपनीला नेमकं हेच कारण सांगा. शोधायला वेळ लागणार नाही. भेटीची वेळ खरोखर हवी असेल तर तिला स्वतंत्र रकाना द्या आणि "स्थानिक वेळ, २४ तासांची" असं लिहा.

तारखेतले अंक `0` ते `9` हेच हवेत. पडद्यावर मराठी अंक दिसत असले तर काही सॉफ्टवेअर फाइलमध्येही ०, १, २ असे अंक टाकतात. वाचायला छान, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत आणि नवं सॉफ्टवेअर त्यांना तारीख मानेलच असं नाही.

कधी तारखेच्या जागी `45000` असा आकडा दिसतो. घाबरू नका, ती एक्सेलची दिवसगणना आहे आणि ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. तारीख हरवलेली नाही, पण फाइल वाटेत कुणीतरी एक्सेलमधून फिरवली आहे एवढं त्यावरून कळतं. अशी फाइल परत पाठवा आणि डेटाबेसमधून थेट काढलेली मागा.

पायरी ४: एन्कोडिंग

संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, या ठरावाला एन्कोडिंग म्हणतात. लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा ठराव वेगळा असला की नावांची चाळण होते. तुम्ही `UTF-8` मागा. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलंत ही स्वतंत्र चिन्हं असतात.

बिघाड दोन प्रकारचे दिसतात आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. नावाच्या जागी `à¤` आणि `à¥` पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर फाइल बहुधा ठीक आहे आणि ती उघडणारा प्रोग्रॅम चुकीच्या ठरावानं वाचतोय. तीन बाइटांचं एक अक्षर त्याला तीन वेगळी अक्षरं वाटताहेत. योग्य पद्धतीनं उघडली की नावं परत येतात. पण नावाच्या जागी `?????` असेल, तर फाइल लिहितानाच अक्षरं गेली. प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलेलं आहे आणि कुठल्याही युक्तीनं त्यातून नाव निघणार नाही. तेव्हा वेळ न घालवता नवी फाइल मागा.

`UTF-8` मध्येही दोन प्रकार असतात: सुरुवातीला `BOM` नावाची तीन बाइटांची खूण असलेली आणि नसलेली फाइल. खूण असली की एक्सेल डबल क्लिकवर मराठी नीट दाखवतं. पण काही प्रोग्रॅम ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटलेली समजतात आणि `patient_id` नावाचा रकानाच सापडत नाही असं म्हणतात. तुमच्या नव्या कंपनीला आधी फोन करून विचारा आणि जे ठरेल ते पत्रात लिहा. आमच्या नव्या सॉफ्टवेअरला खूण नको होती.

आता एक खास आपल्या भाषेतली अडचण. गोऱ्हे, बऱ्हाणे, कऱ्हाडे या आडनावांतला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तऱ्हा म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, `U+0931`. दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि मग `U+200D` हे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण फाइल काढताना एखादा प्रोग्रॅमर "नको असलेली अदृश्य अक्षरं" साफ करतो, आणि दुसऱ्या तऱ्हेनं टाइप केलेल्या गोऱ्हेंचे गोर्हे होतात. सद्हेतूनं केलेली सफाई असते ती, पण पेशंटचं नाव बदलतं आणि शोधताना तो सापडत नाही. म्हणून "मजकुरातील कोणतेही अक्षर काढू अथवा बदलू नये" हे वाक्य पत्रात हवंच, आणि नमुन्याच्या ओळीत असं एक आडनाव मुद्दाम घालावं.

जुनं सॉफ्टवेअर फारच जुनं असेल तर एक तपासणी आधी करा. पडद्यावरचं मराठी नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांची गुंतागुंत दिसली, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मुळात साठवलेलंच नाही. इंग्रजी अक्षरांवर मराठी आकाराचा फॉन्ट चढवला आहे. तिथे नुसतं `UTF-8` मागून भागत नाही. "मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून द्यावा" अशी वेगळी मागणी करावी लागते आणि त्याला वेळही जास्त द्यावा लागतो.

पायरी ५: पत्र

मी पाठवलेलं पत्र थोडं आटोपतं करून देत आहे. त्यातला अनुक्रमांक महत्त्वाचा, कारण नंतर फोनवर "मुद्दा ४ पाळलेला नाही" एवढं म्हणता येतं.

> प्रति,
> तांत्रिक विभाग
>
> विषय: पेशंट व भेटींच्या नोंदी फाइल स्वरूपात मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> आमच्या दवाखान्याच्या १७ फेब्रुवारी २०२४ अखेरच्या सर्व नोंदी दुसऱ्या प्रणालीत नेण्यासाठी हव्या आहेत. बंद केलेल्या पेशंटच्या नोंदीही त्यात असाव्यात. तपशील पुढीलप्रमाणे आहे.
>
> १. फाइली दोन असाव्यात: `patients.csv` (एका पेशंटची एक ओळ) आणि `visits.csv` (एका भेटीची एक ओळ). पहिल्या ओळीत रकान्यांची नावे, सोबतच्या नमुन्यातील क्रमानेच असावीत.
>
> २. रकाने स्वल्पविरामाने वेगळे करावेत. प्रत्येक मूल्य दुहेरी अवतरणात असावे. मजकुरात दुहेरी अवतरण आल्यास ते दोनदा लिहावे.
>
> ३. `patient_id` दोन्ही फाइलींत सहा अंकी, पुढील शून्यांसह असावा. `visits.csv` मधील प्रत्येक `patient_id` हा `patients.csv` मध्ये असलाच पाहिजे.
>
> ४. सर्व तारखा `YYYY-MM-DD` अशा, `0` ते `9` या अंकांत, वेळेशिवाय असाव्यात. अंदाजे भरलेली तारीख देऊ नये.
>
> ५. माहिती नसल्यास रकाना पूर्ण रिकामा ठेवावा. `0`, `NA`, `NULL` किंवा डॅश लिहू नये.
>
> ६. `sex` मध्ये फक्त `F`, `M`, `O` ही मूल्ये असावीत. `is_active` मध्ये चालू पेशंटसाठी `1` व बंद केलेल्यासाठी `0` असावा.
>
> ७. एन्कोडिंग `UTF-8`, `BOM` शिवाय. मजकुरातील कोणतेही अक्षर, अदृश्य जोडचिन्हासह, काढू अथवा बदलू नये.
>
> ८. फाइली डेटाबेसमधून थेट काढाव्यात. एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नयेत.
>
> ९. दोन्ही फाइलींतील नोंदींची संख्या, सर्वांत जुनी व सर्वांत अलीकडची भेट यांच्या तारखा फाइलींसोबत कळवाव्यात.
>
> १०. प्रथम २० पेशंटचा नमुना द्यावा. तो आम्ही लेखी मंजूर केल्यावर पूर्ण फाइली द्याव्यात. फाइली पासवर्ड असलेल्या झिप फाइलमध्ये असाव्यात व तो पासवर्ड फोनवर वेगळा कळवावा.
>
> आपली विश्वासू,
> व्यवस्थापक

यासोबत नमुना जोडा. नुसतं वर्णन वाचण्यापेक्षा प्रोग्रॅमर नमुना बघून काम करतो. नमुन्यात खऱ्या पेशंटची माहिती घालायची नाही. नावं बनावट, पण अडचणी खऱ्या.

```
patient_id,full_name,sex,birth_date,age_years,age_noted_on,mobile,is_active
"000457","चाचणी गोऱ्हे","F","1928-07-19","","","","1"
"000458","चाचणी बऱ्हाणे","M","","62","2015-11-08","","0"
```

```
visit_id,patient_id,visit_date,bp_systolic,bp_diastolic,fasting_sugar_mgdl,follow_up_date,notes
"0012093","000457","2024-02-05","138","86","","2024-03-04","गोळी चालू, पाय सुजतात"
```

या तीन ओळींत किती गोष्टी बसल्या आहेत पाहा. १९२८ चा जन्म, नसलेली जन्मतारीख, न तपासलेली साखर, दोन्हीकडून वाचता येईल अशी ४ मार्च, अवघड आडनाव, आणि डॉक्टरांच्या शेऱ्यातला स्वल्पविराम. तो स्वल्पविराम अवतरणात नसता, तर शेऱ्याचे दोन रकाने झाले असते.

पायरी ६: आलेली फाइल तपासा

फाइलवर डबल क्लिक करू नका. एक्सेल उघडतानाच शून्यं काढतं आणि तारखा आपल्या समजुतीनं बदलतं, आणि मग चूक फाइलची की एक्सेलची हे कळत नाही. आधी नोटपॅडमध्ये उघडा. विंडोजच्या अलीकडच्या नोटपॅडमध्ये खालच्या पट्टीवर `UTF-8` किंवा `UTF-8 with BOM` असं लिहिलेलं दिसतं; मुद्दा ७ तिथेच तपासला जातो. नावं मराठीत दिसतात का आणि गोऱ्हे गोऱ्हेच राहिले का, ते पाहा.

मग एक्सेल रिकामं उघडा आणि `Data` मधून `From Text/CSV` निवडा. `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` आणि `Data Type Detection` मध्ये `Do not detect data types` ठेवा. आता सगळं मजकूर म्हणून येईल, जसं फाइलमध्ये आहे तसं. नोंदींची संख्या कंपनीनं कळवलेल्या संख्येशी आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या अहवालाशी जुळवा. नोटपॅडमधल्या ओळी मोजून हे करू नका, कारण डॉक्टरांनी शेऱ्यात एंटर मारला असेल तर एका भेटीच्या दोन ओळी दिसतात.

शेवटी तुमचा पाच पेशंटचा कागद काढा आणि एकेक रकाना ताडून पाहा. फेरतपासणीच्या तारखांत दिवस १२ च्या आत असलेल्या तारखा आधी घ्या. २५ मार्च बरोबर आली यावरून काहीच सिद्ध होत नाही. ४ मार्च बरोबर आली पाहिजे.

काही चुकलं असेल तर "तारखा चुकल्या आहेत" असं कळवू नका. आमचं दुसऱ्या वेळचं तक्रारीचं वाक्य असं होतं, आणि त्याच दिवशी दुरुस्त नमुना आला: "मुद्दा ५. `visits.csv`, `visit_id` `0012093`, रकाना `fasting_sugar_mgdl`. अपेक्षित: रिकामा. मिळाले: `0`. नमुन्यातील अशा एकूण ३१ नोंदी."